काकांच्या स्मरणसभेतील भाषणात हलका विनोद : कोणता ठेवावा, कोणता गाळावा?

मधला पुतण्या

माझे काका गेल्या महिन्यात वारले. येत्या आठवड्यात त्यांची स्मरणसभा आहे आणि पुतण्यांच्या वतीने मी पाच मिनिटे बोलावे, असे घरच्यांनी ठरवले आहे. काका स्वभावाने अत्यंत मिश्कील होते, त्यामुळे त्यांच्याविषयी पाच मिनिटे केवळ गंभीर बोलत राहिलो तर ऐकणाऱ्यांना मी दुसऱ्याच कुणाविषयी बोलत आहे असे वाटेल. दुसरीकडे समोर काकू आणि चुलतबहीण बसलेल्या असणार, आणि त्यांच्यासमोर लोकांना हसवणे कितपत योग्य, याची धाकधूक आहे.

काकांना वस्तू दुरुस्त करण्याचा नाद होता. सध्या भाषणात पुढील परिच्छेद लिहिला आहे :

'काकांनी उघडलेला पंखा पुन्हा फिरायचा, रेडिओ वाजायचा, घड्याळ चालायचे. फक्त प्रत्येक दुरुस्तीनंतर टेबलावर एक-दोन स्क्रू उरायचे. "कंपनीने जास्तीचे दिले असतील," असे म्हणून काका ते एका डब्यात टाकायचे. त्या डब्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : कशाचे तरी. जगभराच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दुरुस्तीसाठी मात्र कधी कुणाचे दार ठोठावले नाही.'

याखेरीज दोन आठवणी डोक्यात आहेत. एक म्हणजे काका फोनवर इतक्या मोठ्याने बोलत, की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच नव्हती, असे त्यांचे कार्यालयातील सहकारी नेहमी म्हणत. दुसरी, त्यांनी थोरल्या काकांचे भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला घेतले आणि ते परत द्यायला त्यांना सहा वर्षे लागली. यांपैकी काय ठेवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शांतवन

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. स्मरणसभेत हशा पिकवण्याची गरज मला कधीच पटलेली नाही. बोलणाऱ्याला स्वतःवरचा ताण हलका करायचा असतो आणि त्यासाठी तो सभेला हसवतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांचे माणूस गेले आहे, त्यांना त्या क्षणी हसावे की रडावे हे कळत नाही आणि चेहरा तर सगळ्यांना दिसत असतो. काका मिश्कील होते, एवढे एक वाक्य म्हणून पुढे गेलात तरी ज्यांना आठवायचे आहे ते मनातल्या मनात आठवतीलच.

वाचनवेडा

शांतवन यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. शोकात हसण्याने दुःख हलके होते, हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार गमावलेल्या ज्या व्यक्ती त्याच्याविषयी बोलताना मनापासून हसल्या, त्यांच्यात राग आणि तगमग कमी आढळली होती. शिवाय १९८९ साली ग्रॅहम चॅपमन या ब्रिटिश विनोदी नटाच्या स्मरणसभेत त्यांचे सहकारी जॉन क्लीज यांनी चक्क मृताला शिव्या देत भाषण केले आणि सभागृह हसून लोटपोट झाले. तेव्हा तुम्ही बिनधास्त हसवा. स्वतःच्या दुरुस्तीचे वाक्य तर फारच उत्तम जमले आहे, ते काही झाले तरी काढू नका.

सूत्रधार

मी बरीच वर्षे अशा सभांचे सूत्रसंचालन करते आणि बोलणाऱ्यांची भाषणे आधी वाचून देते. नेमके काही सांगण्यापूर्वी पुतण्यांना तीन गोष्टी विचारते. काका कशाने गेले? आजार अचानक आला की आधीपासून होता? आणि स्क्रूच्या डब्याची गोष्ट घरात सर्वांत जास्त वेळा कोण सांगत असे, तुम्ही, काका स्वतः, की काकू?

वाचनवेडा यांनी दिलेले दोन्ही दाखले खरे आहेत, परंतु त्यांचा आधार जितका घेतला आहे तितका तो पुरत नाही. त्या अभ्यासातील माणसे जोडीदाराच्या मृत्यूनंतर सुमारे सहा महिन्यांनी बोलत होती. त्यांना कुणी हसवले नव्हते, स्वतः आठवण सांगताना त्यांना आपसूक हसू आले होते. हसल्यामुळे तगमग कमी झाली, की ज्यांची तगमग मुळात कमी होती त्यांना हसता आले, हे त्यातून ठामपणे सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी केलेला विनोद सभेत बसून ऐकावा लागणाऱ्या पत्नीविषयी तर तो अभ्यास काहीच सांगत नाही. चॅपमन यांची सभा मृत्यूनंतर जवळजवळ दोन महिन्यांनी झाली, समोर त्यांच्याच व्यवसायातील माणसे बसलेली होती आणि धक्का देणे हाच मृताचा स्वतःचा विनोद होता. क्लीज यांनी आपला विनोद त्या सभेवर लादला नाही, चॅपमन यांचाच त्यांना परत केला. तेवढा धडा घेण्यासारखा आहे, शिव्या नव्हेत.

कोरा कागद

आमच्या मामांच्या वेळी मीही असाच मजकूर लिहिला होता. माझे मत असे, की शेवटी एखादे हसरे चिन्ह टाकावे, म्हणजे गंमत आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते आणि गैरसमज होत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी टाकावे, रात्री टाकू नये.

मधला पुतण्या

@कोरा कागद, मी हे समोर उभा राहून बोलणार आहे, ग्रुपवर पाठवणार नाही.

@सूत्रधार, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो. काकांना पोटाचा आजार होता आणि तो फार उशिरा लक्षात आला. काकू त्यांना तपासून घ्या, तपासून घ्या, असे जवळजवळ वर्षभर सांगत होत्या आणि काका टाळत होते. डब्याची गोष्ट सर्वांत जास्त काकूच सांगत, विशेषतः पाहुणे आले की, आणि काका शेजारी बसून 'अहो, पण पंखा चालतो ना?' असे म्हणत. सहकाऱ्यांना डब्याविषयी माहीत नसावे, फोनचे माहीत आहे.

रानवारा

वडिलांच्या स्मरणसभेत मी पहिल्या रांगेत बसले होते, म्हणून त्या बाजूने सांगते. बाबांचे एक जुने मित्र छान बोलत होते. बाबांचा विसराळूपणा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणे, हे सगळे त्यांनी सांगितले आणि मला मनापासून हसू आले. मग त्यांनी बाबांचा आवाज काढला. बाबा मला हाक मारायचे त्या ढंगाने, त्याच हेलात, माझ्या नावाने हाक मारली. सभागृहात हशा पिकला, कारण नक्कल हुबेहूब होती. त्या क्षणी बोलणारे काका माझ्याकडे वळून पाहत होते आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी सभा माझ्याकडे वळली, मी हसते आहे का ते पाहायला. मी हसले, कारण दुसरे काही करणे शक्यच नव्हते. नंतर बराच काळ त्या गृहस्थांना भेटणे मी टाळले.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. म्हणून शांतवन यांच्यासारखी सरसकट बंदी मी घालणार नाही. चष्म्याच्या गोष्टीवर मी हसले ते खरेच होते.

सूत्रधार

रानवारा, हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले, कारण पुतण्यांना मला जे सांगायचे आहे त्यातील निम्मे यात आले. आता क्रमाने लिहिते.

प्रथम तुमच्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य. 'स्वतःच्या दुरुस्तीसाठी कुणाचे दार ठोठावले नाही' हे वाक्य कानाला गोड लागते, आधीच्या चार वाक्यांतून ते आपोआप उगवते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. दुरुस्तीची गोष्ट लिहायला बसलेल्या कुणालाही हे वाक्य सुचेल आणि सुचल्याबरोबर मोठे चमकदार वाटेल. आता ते काकूंच्या कानाने ऐका. वर्षभर त्या माणसाच्या मागे लागलेल्या बाईला, मी आणखी नेटाने का ओढून नेले नाही, हा प्रश्न रोज पडत असणार. तुम्ही तो प्रश्न भर सभेत, विनोदाच्या रूपाने आणि त्यांना उत्तर देता येणार नाही अशा जागी विचारता आहात. सहकाऱ्यांपैकी ज्यांना आजाराचा तपशील ठाऊक नाही ते हसतील, ज्यांना ठाऊक आहे ते मान खाली घालतील. एकाच वाक्यावर अर्धी सभा हसते आणि अर्धी गप्प होते, तेव्हा ते वाक्य चुकीच्या जागी पडले असे समजावे. मृत्यूचे कारण, आजारातील टाळाटाळ, शेवटच्या महिन्यांतील विक्षिप्तपणा, औषधे आणि पथ्य मोडण्याच्या चोऱ्या यांपैकी कशालाही विनोदाचा स्पर्श होऊ देऊ नका, माणूस स्वतः त्यावर विनोद करत असला तरीही. तो त्याचा हक्क होता, आपला नाही.

आता उरलेला परिच्छेद, जो मला खरोखर आवडला. तो का चालेल, हे पाहण्यासारखे आहे. यात काकांचा पराभव होत नाही. पंखा फिरतो, रेडिओ वाजतो, आणि तरीही स्क्रू उरतात. हसू येते ते त्यांच्या निर्धास्तपणाचे, आणि तो गुण त्यांना स्वतःला मान्य होता, कारण शेजारी बसून ते 'पंखा चालतो ना?' असे म्हणत. ज्या गोष्टीवर तो माणूस जिवंतपणी, सर्वांसमोर, स्वतः हसला होता, तीच गोष्ट त्याच्या मागे सांगावी. ज्यावर लोक त्याच्या पाठीमागे हसत, ती सांगू नये. फोनवर मोठ्याने बोलण्याची आठवण मला याच कारणाने तपासून घ्यावीशी वाटते. सहकारी हे त्यांच्या तोंडावर म्हणत की माघारी? आणि त्यांना ऐकू कमी येत होते का? तसे असेल तर ती गंमत नसून व्यंगावरची टिप्पणी होते आणि ती गाळलेलीच बरी.

मात्र तुमच्या उत्तरातून एक गोष्ट स्पष्ट झाली. डब्याची गोष्ट तुमची नाही, काकूंची आहे. पाहुण्यांसमोर ती सांगणे हा त्या दोघांचा मिळून एक जुना खेळ होता आणि त्यातील एक खेळाडू आता नाही. ती तुम्ही परस्पर सांगितलीत तर काकूंना आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसल्यासारखे वाटेल. म्हणून सभेच्या आधी त्यांना विचारा. 'मी विनोद केला तर चालेल का?' असे विचारू नका, कारण त्याला कुणीही भिडेपोटी 'हो' म्हणते. 'तुम्ही सांगता ती स्क्रूच्या डब्याची गोष्ट मी सांगू का, आणि ती नेमकी कशी आहे?' असे विचारा. होकार देताना चेहरा कसा होतो, त्या गोष्ट पुढे सांगू लागतात की विषय बदलतात, यावरून तुम्हाला उत्तर मिळेल. थेट विचारणे जड जात असेल तर आधी चुलतबहिणीशी बोला.

वाचनवेडा

आधीच विचारले तर त्यांना सभेत त्या गोष्टीचे नावीन्य राहणार नाही आणि हसू येणार नाही. विनोदाचा प्राण अनपेक्षितपणात असतो.

सूत्रधार

रंगमंचावर तसे असते. इथे जवळच्या माणसाला पुढे काय येणार हे माहीत असणे हाच आधार असतो. पहिल्या रांगेतील माणूस धास्तावलेला असतो, कारण पुढचा वक्ता काय उकरून काढील याचा नेम नसतो. जी गोष्ट येणार हे ठाऊक आहे तिच्यासाठी तो मनाची तयारी करून बसतो आणि ती आली की सैलावतो. बाकीच्यांसाठी ती नवीनच असते.

शांतवन

सूत्रधार यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण माझी शंका वेगळी आहे. समजा, काकूंनी होकार दिला. तुमच्या आधी बोलणारी व्यक्ती मध्येच कोलमडली, बोलू शकली नाही, सभेत हुंदके सुरू झाले आणि लगेच तुमचे नाव पुकारले गेले. तेव्हा तो डबा उघडणार का?

सूत्रधार

उत्तम शंका आहे, आणि असे घडते. म्हणून विनोदाचा परिच्छेद नेहमी असा लिहावा, की तो उचलून बाजूला ठेवला तरी आधीचे आणि नंतरचे वाक्य एकमेकांना जोडले जाईल. पुतण्यांनी तो स्वतंत्र कागदावर छापून घ्यावा. व्यासपीठावर जाताना सभेचा नूर पाहायचा आणि तो कागद वर ठेवायचा की खाली, हे तिथे ठरवायचे. सगळे भाषण एकाच कागदावर असले की घाबरलेला माणूस समोर दिसेल ते वाचत सुटतो आणि मग थांबणे जमत नाही.

वेळेचे आणि जागेचेही इथेच सांगून टाकते. स्मरणसभेत माणूस सावकाश बोलतो, मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द. म्हणजे पाच मिनिटांत फार तर ५५० शब्द, आणि थांबायला, आवंढा गिळायला जागा हवी म्हणून लिहावेत ४५० च्या आसपास. त्यात सुरुवातीचे मिनिटभर विनोद नको. काका गेले, तुम्ही त्यांचे कोण, त्यांच्या जाण्याने तुमच्या घरात काय बदलले, हे आधी सरळ शब्दांत येऊ द्या. आपल्याइतकेच यालाही दुःख झाले आहे, याची खात्री पटल्यावरच सभा हसायला मोकळी होते. थेट गमतीने सुरुवात केली तर तीच गोष्ट उथळ वाटते. शेवटचे मिनिटही गमतीशिवाय असावे. मधल्या भागात एक गोष्ट पुरे. दोन झाल्या तर तिसऱ्याची वाट पाहिली जाते आणि सभेचा रंग पालटतो.

आता परीक्षा. परिच्छेद वाचा आणि कल्पना करा, की कुणीही हसले नाही. ती वाक्ये तशाही शांततेत उभी राहतात का? 'डब्यावर चिठ्ठी होती : कशाचे तरी' हे वाक्य राहते, कारण कुणी हसले नाही तरी ती एका माणसाची खरी आठवण आहे. ज्या वाक्याला हशाची टेकू म्हणून गरज लागते आणि तो न मिळाल्यास बोलणारा उघडा पडतो, ते वाक्य स्मरणसभेचे नाही. हशा आलाच तर तो ओसरेपर्यंत थांबा, दोन-तीन सेकंद पुरतात, आणि नाही आला तर त्याच गतीने पुढे जा. 'काका आज असते तर हसले असते' अशी जोड देऊ नका. ते वाक्य न हसणाऱ्यांना दटावल्यासारखे ऐकू येते.

रानवारा यांच्या अनुभवातून आणखी दोन गोष्टी. काकांचे बोलणे सांगताना त्यांचा आवाज काढू नका. 'कंपनीने जास्तीचे दिले असतील' हे तुमच्याच आवाजात सांगा. आवाज ऐकला की घरच्यांना क्षणभर तो माणूस तिथे असल्याचा भास होतो, आणि भास संपतो तेव्हा सगळे हसत असतात. आणि गमतीचे वाक्य बोलून होताच पहिल्या रांगेकडे पाहू नका. वक्ता जिकडे पाहतो तिकडे सभा पाहते. सभागृहाच्या मध्यावर किंवा मागे बसलेल्या सहकाऱ्यांकडे पाहा.

कोरा कागद

आता प्रश्न नीट लक्षात आला. मग माझा खरा अनुभव लिहितो, तो कदाचित उपयोगी पडेल. मामांच्या सभेत आतेभाऊ बोलला आणि सभेत कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. कुणीतरी फोनवर चित्रण केले आणि त्यातला नेमका हशाचा तुकडा ग्रुपवर टाकला. जे येऊ शकले नव्हते त्यांनी एवढेच पाहिले, की मामांच्या स्मरणसभेत लोक खिदळत आहेत. मामींच्या भावाने आतेभावाला फोन करून नको नको ते ऐकवले. सभेत बसलेल्या मामींनाच मग समजूत घालावी लागली.

सूत्रधार

हे अलीकडे वरचेवर घडते. चित्रण करू नये, अशी विनंती सुरुवातीला सूत्रसंचालकाने करावी, वक्त्याने करू नये. आणि कुणी विचारलेच तर पूर्ण भाषण द्यावे, तुकडा देऊ नये.

मधला पुतण्या

सर्वांचे मनापासून आभार. आधी चुलतबहिणीशी बोललो. फोनची आठवण तिने लगेच नको म्हणून सांगितले. काकांना शेवटची काही वर्षे खरोखरच कमी ऐकू येत होते आणि यंत्र लावायला ते लाजत, हे मला माहीतच नव्हते. सहकाऱ्यांनाही बहुधा नसावे.

मग तिच्यासमोर काकूंना डब्याचे विचारले. सूत्रधार यांनी सुचवले तसेच, गोष्ट नेमकी कशी आहे, असे विचारले. काकूंनी पहिल्यांदा मलाच दुरुस्त केले. 'एक डबा नाही रे, दोन होते. पहिला भरला तेव्हा त्यांनी दुसरा केला आणि त्यावर लिहिले : बहुतेक पंख्याचे.' मग त्या पुढे सांगत राहिल्या. ती गोष्ट सांगायची तर दोन्ही डबे सांग, नुसता एक सांगू नकोस, असे बजावले. आजाराचे वाक्य मी त्यांना दाखवलेच नाही, सरळ काढून टाकले.

आता परिच्छेद असा झाला आहे :

'आमच्या घरात काही बिघडले की पहिला निरोप काकांना जाई. काकांनी उघडलेला पंखा पुन्हा फिरायचा, रेडिओ वाजायचा, घड्याळ चालायचे. फक्त प्रत्येक दुरुस्तीनंतर टेबलावर एक-दोन स्क्रू उरायचे. कंपनीने जास्तीचे दिले असतील, असे म्हणून काका ते एका डब्यात टाकायचे. त्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती : कशाचे तरी. काकूंनी मला सांगितले, की पुढे तो डबा भरला आणि काकांनी दुसरा केला. त्यावर लिहिले होते : बहुतेक पंख्याचे. आमच्याकडचा पंखा अजून चालतो.'

शेवटचे वाक्य ठेवावे का, याविषयी मी साशंक आहे.

रानवारा

ठेवा. मला ते वाचताना हसू आले आणि पुढच्याच क्षणी भरूनही आले, पण त्यात कुणी मला रडवायला निघाले आहे असे वाटले नाही. 'काकूंनी मला सांगितले' हे शब्द कोणत्याही परिस्थितीत काढू नका. गोष्ट कुणाची आहे, हे सभेला त्यातूनच कळते.

सूत्रधार

मीही ठेवीन. पण ते म्हणताना आवाज खाली आणू नका, सरळ माहिती दिल्यासारखे म्हणा. एक बारीक सूचना : 'कशाचे तरी' या शब्दांच्या आधी क्षणभर थांबा, नंतर नको. आधी थांबलात की शब्द ऐकू येतात. नंतर थांबलात की तुम्ही हशाची वाट पाहत आहात असे दिसते.

वाचनवेडा

दुसऱ्या डब्यामुळे परिच्छेद आधीपेक्षा चांगला झाला, हे मान्य करतो. दुरुस्तीचे ते वाक्य गेल्याची मात्र मला अजून हळहळ आहे. आणि सहा वर्षे रखडलेल्या घड्याळाचे काय झाले? ती गोष्ट तर सर्वांत मजेदार आहे.

मधला पुतण्या

तीच अडचण आहे. थोरले काका सभेला येणार आहेत. त्या सहा वर्षांत दोघांचे बोलणे बंद होते. कारण वेगळे होते, घड्याळ हे निमित्त. घरातल्या सर्वांना ते ठाऊक आहे, बाहेरच्यांना नाही. पुढे घड्याळ परत गेले आणि बोलणेही सुरू झाले, म्हणून मला वाटले की ही समेटाची गोष्ट आहे आणि थोरल्या काकांनाही ती आवडेल.

सूत्रधार

ती समेटाची गोष्ट आहे हे खरे, पण समेट कुणी केला आणि कुणी वाट पाहायला लावली, याचा निवाडा ती सांगण्याच्या ढंगात दडलेला असतो. शिवाय 'सहा वर्षे' म्हटले, की घरातले लोक हसण्याऐवजी थोरल्या काकांकडे पाहतील. मी ती भाषणात घेणार नाही. थोरले काका स्वतः बोलणार असतील आणि त्यांनी ती सांगितली, तर ती त्या सभेतील सर्वांत मोलाची आठवण ठरेल. तेवढी जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवा.

शांतवन

मी असतो तर उलट केले असते. स्क्रूचा डबा गाळला असता आणि घड्याळाची गोष्ट विनोद न करता सांगितली असती. भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करणारा माणूस, ही काकांची खरी ओळख आहे, डब्यांवरच्या चिठ्ठ्या नव्हेत. थोरल्या काकांना आधी विचारले, तर ते नाही म्हणतील असे आपण का धरून चाललो आहोत? काकूंनाही विचारले तेव्हाच दुसरा डबा बाहेर आला ना?

रानवारा

शांतवन यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. पण काकूंकडे मागितली ती त्यांची आवडती गोष्ट होती. थोरल्या काकांकडे मागायची ती त्यांची जखम आहे. आणि सभा आठवड्यावर आली आहे.

सूत्रधार

विचारायला हरकत नाही, पण तुम्ही विचारू नका. त्यांच्या पिढीतल्या, दोघांनाही जवळच्या असलेल्या कुणीतरी विचारावे आणि 'पुतण्या ही गोष्ट सांगणार आहे' असे न म्हणता 'तुम्ही दोन शब्द बोलणार का?' एवढेच म्हणावे. ते काय सांगायचे ते ठरवतील. यावर शांतवन आणि माझे एकमत होईल असे दिसत नाही आणि थोरल्या काकांना न ओळखता मला याहून पुढे जाता येणार नाही.

मधला पुतण्या

आत्याला विचारायला सांगतो. ती दोघांच्या मधली आहे आणि त्या सहा वर्षांत निरोपांची ने-आण तिनेच केली होती. डब्यांचा कागद वेगळा छापून घेतला आहे. माझ्या आधी काकांचे एक सहकारी बोलणार आहेत असे आज कळले. तेही गमतीशीर काही सांगणार असतील तर दोन भाषणे लागोपाठ तशी होतील. त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे का?

सूत्रधार

जरूर बोला, आणि काकांना कमी ऐकू येत होते हे त्यांना आधी सांगा. फोनची गोष्ट त्यांच्या भाषणात असण्याची शक्यता फार आहे. तुमच्या दोघांच्या मध्ये एखादे गंभीर मनोगत किंवा दोन मिनिटांचे वाचन घालता येईल का, हे सूत्रसंचालकाला विचारा. ते जमले नाही, तर डब्यांचा कागद कुठे ठेवायचा, हे त्यांचे भाषण ऐकून ठरवा.